‘म्हणजे’ या शब्दापाशी थांबा

जादूटोणाविरोधी कायद्यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं वाद झाला. त्या काळात एक सवाल पुन्हा पुन्हा कानावर यायचा: उद्या सत्यनारायण घातला, वारीला गेलो, तर तुरुंगात टाकणार का? डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी सांगून थकले की मसुद्यात असं काही नाही. तरी प्रश्न संपेना, कारण तो मसुद्याला विचारलेलाच नव्हता. समोर एक बुजगावणं उभं केलं होतं आणि दगड त्याच्यावर पडत होते.

ते उभं कसं राहतं, हे कायद्याच्या अनुसूचीतल्या एकाच बाबीवरून दिसतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. इथे सगळं वजन ‘रोखून’ या शब्दावर आहे. आता कुणी म्हणतो, “म्हणजे मंत्र म्हणणं गुन्हा!” ‘रोखून’ गळालं. दुसरा पुढे नेतो, “म्हणजे पूजाअर्चा गुन्हा!” साप गेला, दवाखाना गेला, चावा बसलेला माणूसही गेला. उरलेल्या वाक्याला विरोध करणं कुणालाही सोपं आणि कायद्याच्या बाजूच्या माणसालाही तो विरोध पटणारा.

म्हणून मी ‘म्हणजे’ आला की थांबतो आणि त्याच्या अलीकडचं वाक्य मागतो. कलम कुठलं, शब्द कोणते? मग अट सांगणारे शब्द शोधतो: रोखून, मारहाण करून, फसवून. बुजगावण्यात नेमके तेच नसतात. आणखी एक कसोटी आहे. उरलेल्या वाक्याखाली मूळ बोलणारा सही करेल का? दाभोलकरांनी ‘वारी बंद करा’ याखाली सही केली नसती.

पण प्रत्येक ‘म्हणजे’ खोटा नसतो. ‘या व्याख्येचा अर्थ पोलिसांनी ताणला तर?’ ही शंका कायद्याच्या शब्दांना धरून आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. असं विचारणाऱ्याला ‘म्हणजे तुम्ही भोंदूबाबांचे पाठीराखे’ म्हणून गप्प बसवलं, तर ते दुसऱ्या बाजूनं उभारलेलं बुजगावणं होतं. आपल्या बाजूचं असलं तरी ते मला तितकंच खुपतं.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा संमत केला. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं सांगणारं स्वतंत्र कलमच त्यात आहे. ते वाचताना मला आजही त्या जुन्या सवालाची सावली दिसते.