मध्यरात्रीची जाग: किती नेहमीची, किती आजाराची?

रात्री दीड-दोनला डोळे उघडतात, घड्याळ पाहिलं जातं आणि ‘आता उद्याचा दिवस गेला’ हे भय सुरू होतं. ओळखीतल्या अनेक साठीपुढच्या मंडळींची हीच तक्रार. त्यांना मी आधी एकच विचारतो: अंथरुणावर पडता कधी?

मधली जाग तशी नवी नाही. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्क यांनी युरोपातली जुनी न्यायालयीन कागदपत्रं, रोजनिश्या आणि वैद्यकीय पुस्तकं चाळली. त्यांत ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ हे उल्लेख इतके सहज येतात की ते समजावून सांगण्याची कुणाला गरजच वाटलेली नाही. मधल्या तासाभरात लोक प्रार्थना करत, बोलत, चुलीतला विस्तव सारखा करत. एकर्क यांच्या मते पुढे रात्रीचे दिवे वाढले, निजायची वेळ लांबली आणि ही मधली जाग विसरली गेली.

१९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत थॉमस वेअर यांनी निरोगी माणसांना चार आठवडे रोज चौदा तास अंधारात ठेवलं. सुरुवातीला सगळे भरपूर झोपले. हळूहळू झोप सुमारे आठ तासांवर आली, पण तिचे दोन तुकडे पडले आणि मध्ये एक ते तीन तासांची शांत जाग राहू लागली.

म्हणून हीच माणसाची मूळ झोप, असं मात्र म्हणता येत नाही. २०१५ साली टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हियातल्या विजेविना राहणाऱ्या तीन समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते बहुधा सलगच झोपत होते. उलट मादागास्करच्या एका विजेविना गावात तुकड्यांची झोप आढळली.

या सगळ्यातून मला पटलेला हिशेब साधा आहे. शरीराला साडेसात तास झोप हवी असेल आणि आपण रात्री नऊ ते सकाळी सहा अंथरुणात असू, तर दीड तास जागेपणा कुठेतरी येणारच. पहिल्या चार-पाच तासांत गाढ झोपेची भूक बरीचशी भागते, त्यामुळे तो बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर येतो. मन शांत असेल, पुन्हा डोळा लागत असेल आणि दिवसा पेंग येत नसेल, तर हा आजार नव्हे. जाग नकोशी वाटत असेल तर साडेदहाला निजून पाहावं.

पण साडेअकराला पडून, दोन ते चार टक्क जागं राहून सहाला उठणाऱ्याच्या वाट्याला साडेचारच तास येतात. आठवड्यातून तीन रात्री असं होत असेल, तीन महिने चाललं असेल आणि दिवसा चिडचिड किंवा थकवा असेल, तर डॉक्टर त्याला निद्रानाश म्हणतात. जोरात घोरणं, गुदमरून जाग येणं, वारंवार लघवीला उठावं लागणं यांची कारणं वेगळी असतात. तिथे तपासणी टाळू नये.

जाग आलीच, तर घड्याळ उलटं करून ठेवावं. वीसेक मिनिटांत झोप लागेना असं वाटलं, तर उठून मंद उजेडात काहीतरी निवांत करावं आणि डोळे जड झाले की परत पडावं. सकाळी मात्र रोजच्याच वेळी उठावं. उशिरापर्यंत लोळलं, तर पुढच्या रात्रीची जाग आणखी लांबते.