गिऱ्हाईक आणून देणाऱ्याची मजुरी

कोल्हापूरला अडत्या हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मार्केट यार्डात गुळाचा सौदा झाला, माल काट्यावर चढला की त्याची अडत ठरते. सौदा मोडला तर अडत नाही. दलालाला पैसे कशाचे द्यायचे, याचे इतके साधे उत्तर दुसरे नसेल. आज हाच प्रश्न गच्ची गळती थांबवणारे, पेस्ट कंट्रोलवाले, घरसामान हलवणारे यांच्यापुढे नव्या वेषात उभा आहे.

या धंद्याची सुरुवात फोनवरून पत्ते सांगण्यापासून झाली. जस्टडायल ही कंपनी 1996 साली मुंबईत सुरू झाली आणि 2021 मध्ये रिलायन्स समूहाकडे गेली. अशा मोठ्या कंपन्यांखेरीज आता गावोगाव लहान एजन्सी निघाल्या आहेत. त्या फेसबुकवर, गुगलवर जाहिरात करतात, आलेल्या माणसाचे नाव-नंबर घेतात आणि तो व्यावसायिकाला देतात. या नावाला ‘लीड’ म्हणतात. एखादी एजन्सी पुढे जाऊन त्या माणसाला स्वतः फोन करून भेटीची वेळ ठरवते. ती झाली ‘अपॉइंटमेंट’. मोबदला तीन प्रकारे मागितला जातो: लीडमागे, भेटीमागे किंवा मिळालेल्या कामाच्या टक्केवारीत.

फरक कळावा म्हणून राजारामपुरीतल्या एका वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. 150 रुपयांप्रमाणे 40 लीड घेतली, म्हणजे 6,000 रुपये गेले. 9 जणांनी फोनच उचलला नाही, 11 जणांना फक्त दर विचारायचा होता, 7 घरे त्याच्या टप्प्याबाहेरची निघाली. उरलेल्या 13 पैकी 10 जणांनी वेळ दिली, 8 जण प्रत्यक्ष भेटले आणि 3 कामे मिळाली. काम 30,000 रुपयांचे आणि सामान-मजुरी जाऊन हाती 20 टक्के, म्हणजे कामामागे 6,000. तीन कामांचे 18,000, त्यातून लीडचे 6,000 वजा जाता 12,000 उरले.

आता तीनऐवजी एकच काम मिळाले असे धरा. लीडमागे पैसे दिले असतील तर हाती शून्य. भेटीमागे 600 ठरले असतील तर 8 भेटींचे 4,800 जाऊन 1,200 राहतील. कामावर 8 टक्के असतील तर 2,400 देऊन 3,600 राहतील. तीन कामे मिळाली की मात्र हेच 8 टक्के 7,200 होतात आणि सर्वांत महाग पडतात. म्हणजे टक्केवारी ही स्वस्ताई नव्हे. वाईट महिन्याचा धोका दुसऱ्याच्या खांद्यावर दिल्याची ती किंमत आहे.

ज्याचे पैसे मिळतात तेच पिकते, हे मी बँकेत कर्जाचे अर्ज आणणाऱ्या एजंटांकडून शिकलो. अर्जाला पैसे दिले की अर्जांचा ढीग येतो. कर्ज फेडणारा माणूस येतोच असे नाही. इथेही तसेच. गच्चीच्या चौकशा सर्वांत जास्त येतात त्या जुलैत, छत गळू लागल्यावर. पण बहुतेक लेप कोरड्या पृष्ठभागावरच धरतात. काम करायचे ते मेअखेरीस. जुलैचा लीडचा पूर एजन्सीला सोपा आणि कंत्राटदाराला जवळजवळ निरुपयोगी. एकच चौकशी चौघांना विकली गेली असेल तर ग्राहक पहिल्या वाक्यातच सांगतो, ‘‘सकाळपासून तुमचा तिसरा फोन.’’ तीच खूण.

म्हणून वाद दराचा नसून व्याख्येचा असतो. ‘भेट’ म्हणजे काय, हे कागदावर हवे: पत्ता कोल्हापूर शहर किंवा ठरलेली गावे, घराचा निर्णय घेणारी व्यक्ती हजर, गळती कुठे आहे हे आधी विचारलेले, आणि माणूस ठरल्या वेळी भेटलेला. यातले काही चुकले तर दोन दिवसांत कळवायचे आणि बदली भेट घ्यायची. जुन्या ग्राहकांचे नंबर आधीच एजन्सीकडे नोंदवावेत. नाहीतर जो माणूस दुकानाचे नाव घेऊनच येणार होता, त्याचेही पैसे लागतात. जाहिरातीसाठी वेगळा फोन नंबर ठेवला तर कोण कुठून आले हे वहीत दिसते.

टक्केवारीचे दुखणे उलट बाजूचे आहे. ग्राहकाला ‘‘रोख द्या, दोन हजार कमी करतो’’ म्हणून एजन्सीला ‘काम मिळाले नाही’ असे सांगणारेही असतात. एजन्सीला ते घरात जाऊन पाहता येत नाही. म्हणूनच ती बहुधा भेटीपाशी थांबते. गुळाचा काटा चार लोकांसमोर असतो, गच्चीवरचे काम नसते.

या व्यवहारात तिसरा माणूस आहे, आणि तो आपण. दर पाहायला म्हणून अर्ज भरताना नंबर कोणाकोणाकडे जाईल, ही ओळ वाचावी. नको असलेले फोन येऊ लागले तर 1909 वर नोंद करता येते. आपण दिलेल्या दहा आकड्यांवर कोणीतरी दीडशे रुपये मिळवलेले असतात.