‘बारा महिने’ म्हणजे कधीपासूनचे?

ऐरोली-महापेच्या कंपन्यांचं एचआरचं बारीकसारीक काम घ्यायचा विचार असेल, तर बदलीच्या पॉलिसीचा तक्ता हे काम कधीतरी येणारच. कोण पात्र आणि कोणता खर्च मिळतो, हे दोन रकाने पटकन भरतात. फक्त ‘पर्यंत’ हा शब्द गाळू नका. ‘₹६०,००० पर्यंत, बिलाप्रमाणे’ आणि ‘₹६०,०००’ यात फरक आहे.

खरी गोची परतफेडीच्या रकान्यात होते. बहुतेक जण तिथे ‘१२ महिन्यांत सोडल्यास वसुली’ एवढंच लिहितात. माझ्या मते तो रकाना अर्धवट आहे.

समजा, एकजण नागपूरहून ऐरोलीत १ एप्रिलला रुजू झाला. सामान हलवल्याचे ₹६०,००० त्याला १० जूनला मिळाले. शेवटचा दिवस ३१ जानेवारी. वसुली उरलेल्या महिन्यांपुरती आणि मोजणी रुजू तारखेपासून असेल, तर दहा महिने भरले, दोन उरले, म्हणजे ₹१०,०००. मोजणी पैसे मिळाल्यापासून असेल, तर पूर्ण महिने सातच, म्हणून ₹२५,०००. आणि पॉलिसीत पूर्ण रक्कम म्हटली असेल, तर सगळे साठ हजार!

म्हणून या रकान्याचे मी चार करतो: मोजणी कधीपासून, किती महिने, पूर्ण की उरलेल्या महिन्यांपुरती, आणि कंपनीनेच काढलं तर माफी आहे का. शेजारी कलम क्रमांक. पॉलिसी गप्प असेल तिथे अंदाज ठोकायचा नाही. ‘पॉलिसीत नाही, एचआर मॅनेजरला विचारा’ असं लिहायचं. हेल्पडेस्कवरची मुलगी फोनवर तेच वाचून दाखवणार आहे.