विश्लेषण : ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे पार्सल परत आले, तर छोट्या विक्रेत्याचे नेमके किती जाते?

शंभर साड्यांच्या ऑर्डर आल्या, २५ पार्सले दारातून परत गेली. उरलेल्या ७५ विकल्या गेल्या, तरी हातात हजार रुपयेही का उरत नाहीत? हिशेब आणि उपाय…

वस्तू घरी आल्यावर पैसे देण्याच्या सोयीसाठी, म्हणजे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’साठी (सीओडी), काही ई-कॉमर्स कंपन्या वेगळे शुल्क घेतात. त्याबाबत तक्रारी आल्याने चौकशी सुरू केल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले होते. शेवटच्या पायरीवर अचानक वाढणाऱ्या रकमेबद्दल ग्राहकाची नाराजी रास्तच आहे. मात्र या व्यवहाराची दुसरी बाजू इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप किंवा स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यांना रोज दिसते. ती म्हणजे ऑर्डर देऊन दारात नाकारले गेलेले पार्सल.

सीओडी अजून का टिकून आहे?

वस्तू ताब्यात घेताना पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. टपालाने ‘व्ही.पी.’ करून पुस्तके मागवणाऱ्या पिढीला ती चांगली ठाऊक आहे. ऑनलाइन खरेदीत फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही सोय दिली आणि पुढे ती सर्वत्र रुळली. आता यूपीआय हातोहाती असले तरी अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवायला ग्राहक कचरतो. पुष्कळ जण दारात आलेल्या डिलिव्हरी बॉयला क्यूआर कोडवरच पैसे देतात. म्हणजे अडचण रोख रकमेची नसून विश्वासाची आहे. त्यामुळे नव्या विक्रेत्याने सीओडी पूर्ण बंद केली, तर बऱ्याचशा ऑर्डरच येत नाहीत.

‘आरटीओ’ म्हणजे काय?

इथे आरटीओचा परिवहन कार्यालयाशी संबंध नाही. ‘रिटर्न टू ओरिजिन’ याचा हा संक्षेप. ग्राहकाच्या हाती न पडता मूळ विक्रेत्याकडे परतणाऱ्या पार्सलला कुरिअर व्यवसायात आरटीओ म्हणतात. वस्तू घेऊन, वापरून पाहून परत करणे वेगळे. आरटीओमध्ये पार्सल उघडलेलेच नसते. कुरिअरवाले साधारण तीन वेळा प्रयत्न करतात आणि मग पार्सल उलट्या वाटेला लागते. सीओडीवर कपडे विकणाऱ्यांमध्ये शंभरातली वीस ते तीस पार्सले परत येणे नवलाचे मानले जात नाही. आधी पैसे भरलेल्या ऑर्डरमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते.

एका परतीचा खर्च किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, खणाच्या साड्या विकणाऱ्या एका विक्रेतीची साडी ९०० रुपयांना आहे. साडीची खरेदी ६०० रुपये, पॅकिंग २० रुपये, कुरिअर ८० रुपये आणि सीओडी हाताळणीचे शुल्क ४० रुपये. साडी पोहोचली तर सुटतात १६० रुपये.

साडी परत आली, तर जातानाचे ८० रुपये गेलेच, येतानाचे साधारण ७० रुपये लागतात आणि पॅकिंगचे २० रुपयेही वाया जातात. एकूण १७० रुपयांचे नुकसान. (सीओडीचे शुल्क परतीवर बहुधा लागत नाही, पण आपल्या कुरिअरच्या दरपत्रकात ते तपासून घ्यावे.) म्हणजे परत आलेली प्रत्येक साडी एका विकलेल्या साडीचा नफा गिळून वर दहा रुपये मागते.

आता शंभर ऑर्डर धरू. त्यातल्या २५ परत आल्या तर ७५ साड्यांवर १२,००० रुपये सुटले आणि परतीत ४,२५० गेले. उरले ७,७५० रुपये. इथपर्यंत धंदा बरा वाटतो. पण बहुतेक जण जाहिरातीचा खर्च या हिशेबात धरत नाहीत. एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर ७० रुपये जात असतील, तर शंभर ऑर्डरचे ७,००० होतात. पार्सल परत आले म्हणून जाहिरातीचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे शंभर ऑर्डरच्या धावपळीनंतर हातात राहतात ७५० रुपये.

परतीचे प्रमाण ३५ टक्के झाले, तर याच हिशेबात २,५५० रुपयांचा तोटा होतो. ते १५ टक्क्यांवर आले, तर ४,०५० रुपये उरतात. विक्रीची किंमत एका रुपयानेही न वाढवता हा फरक पडतो.

पैशाखेरीज मालही अडकतो. पाठवणे, तीन प्रयत्न आणि परतीचा प्रवास यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. गौरी-गणपतीसाठी मागवलेली साडी विसर्जनानंतर परत आली, तर तिला पुढच्या सणापर्यंत थांबावे लागते.

ग्राहक पार्सल नाकारतात का?

खोडसाळपणाने दिलेल्या ऑर्डर असतात, पण सगळी नकारघंटा त्यांचीच नसते. कारणे बरीच साधी असतात. रात्री रील पाहताना ऑर्डर दिली आणि पार्सल येईपर्यंत सात दिवसांत उत्साह ओसरला. पत्त्यात गावाचे नाव आहे, पण वाडी किंवा गल्ली नाही. ऑर्डर सुनेने दिली, ती कामावर गेली आणि घरी असलेल्या सासूबाईंनी ‘आम्ही काही मागवलं नाही’ म्हणून पार्सल परत पाठवले.

या शेवटच्या प्रकाराला विक्रेताही कारणीभूत असतो. ग्राहकाला इन्स्टाग्रामवरचे दुकानाचे नाव माहीत असते, पण पार्सलच्या लेबलवर जीएसटी नोंदणीतले भलतेच नाव छापलेले असते. न मागवलेली पार्सले माथी मारण्याच्या फसवणुकीमुळे लोक सावध झाले आहेत. अनोळखी नाव दिसताच ते नकार देतात. लेबलवर ग्राहकाच्या ओळखीचे नाव ठळक छापायला जादा खर्च येत नाही.

पहिला उपाय : पाठवण्याआधी खात्री

ऑर्डर आल्यावर दोन-चार तासांत व्हॉट्सॲप संदेश पाठवावा. तो साधारण असा असावा : ‘नमस्कार ताई, तुमची मरून रंगाची खणाची साडी पाठवायला तयार आहे. पार्सल मंगळवार ते गुरुवारदरम्यान येईल, तेव्हा ९०० रुपये द्यायचे आहेत. पाठवू का? पत्त्याजवळची एखादी खूण आणि घरातला दुसरा फोन नंबर कळवाल का?’ उत्तर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी एक फोन करावा. तरीही होकार नसेल, तर पार्सल पाठवू नये.

यात थोडी विक्री बुडते. वरच्याच उदाहरणात समजा शंभरातल्या १२ जणांनी होकार दिला नाही आणि त्यांतले तिघे खरे ग्राहक होते. मग ८८ पार्सले गेली, ७२ पोहोचली आणि १६ परत आली. विक्री तीन साड्यांनी घटली, पण जाहिरात खर्च वजा जाता उरले १,८०० रुपये. आधी उरत होते ७५०.

दुसरा उपाय : थोडी रक्कम आधी

पूर्ण पैसे आधी मागितले की ग्राहक बिचकतो. १०० रुपये यूपीआयने आधी आणि ८०० दारात, असे सांगितले तर तयार होणारे अधिक असतात. ज्याचे शंभर रुपये अडकलेत तो सहसा पार्सल नाकारत नाही. नाकारले, तरी विक्रेतीचे नुकसान १७० वरून ७० वर येते.

समजा या अटीमुळे शंभरातले २० जण गळाले. उरलेल्या ८० पैकी सहा पार्सले परत आली आणि ७४ पोहोचली. जाहिरात वजा जाता उरतात ४,४२० रुपये. परतीचे हेच प्रमाण राहिले, तर शंभरातले ५५ जण जरी या अटीला तयार झाले, तरी मूळच्या ७५० रुपयांपेक्षा कमी उरत नाही. म्हणून ‘ऑर्डर कमी झाल्या’ एवढ्यावरून हा उपाय सोडून देऊ नये. महिनाभर चालवून हातात काय उरले ते पाहावे.

पथ्य मात्र पाळायला हवे. आगाऊ रकमेची अट आणि पार्सल नाकारल्यास तिचे काय होणार, हे ऑर्डर देतानाच स्पष्ट लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, विक्रेत्याची बाजू स्वतःहून ऑर्डर रद्द करताना तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकावरही रद्द करण्याचे शुल्क लावता येत नाही. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेणेही टाळता येत नाही. आणि सीओडीचे वेगळे शुल्क असेल, तर ते किमतीसोबत सुरुवातीलाच दाखवावे. शेवटच्या पायरीवर ते उगवणे हाच तर ग्राहकांच्या तक्रारीचा विषय आहे.

तिसरा उपाय : पहिल्या नकारालाच फोन

पहिला प्रयत्न फसला की कुरिअरच्या पॅनेलवर ‘एनडीआर’, म्हणजे पार्सल न पोहोचल्याची नोंद दिसते. ती रोज संध्याकाळी पाहून त्याच दिवशी ग्राहकाला फोन करावा. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा असताना ग्राहक म्हणतो, ‘मी घरीच होतो, फोनच आला नाही’, असे अनेकदा घडते. तसे झाल्यास पॅनेलवर तक्रार नोंदवून, दुसरा नंबर आणि सोयीची वेळ देऊन पुन्हा प्रयत्न मागावा. एकाच भागातून एकाच कुरिअरबाबत असे वारंवार ऐकू आले, तर दोष ग्राहकांचा नाही. त्या भागासाठी कुरिअर बदलावे.

पिनकोड बंद करावेत का?

घाईने नको. एखाद्या पिनकोडवर तीनपैकी दोन पार्सले परत आली म्हणजे तो भाग ‘वाईट’ ठरत नाही. तीन हा आकडाच निष्कर्षासाठी फार लहान आहे. साध्या एक्सेल शीटमध्ये ऑर्डरची तारीख, पिनकोड, कुरिअर, कोणत्या जाहिरातीतून ऑर्डर आली आणि परतीचे कारण एवढे पाच रकाने ठेवावेत. वीस-पंचवीस पार्सलांनंतरही एखाद्या भागातली निम्मी परत येत असतील, तर तिथे आगाऊ रकमेची अट घालावी. एकदा विनाकारण नाकारलेल्या नंबरलाही पुढच्या वेळी हीच अट लावता येते.

हे सारे उपाय स्वतः विकणाऱ्यांसाठी आहेत. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर पैसे घेण्याच्या पद्धती आणि परतीचे नियम मुख्यतः मंच ठरवतो. तिथे विक्रेत्याच्या हातात उरते ती वस्तूची किंमत आणि परतीचा खर्च गृहीत धरून मांडलेला हिशेब. त्यासाठीही आधी आपली किती पार्सले परत येतात, हा आकडा माहीत असावा लागतो.