तिकीट लागले, पण फलक नको



गावात कुणाला लॉटरी लागली, की त्याच रात्री हलगी वाजते. दुसऱ्या दिवशी चौकात फोटोसह फलक लागतो. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे निरोप येतो, "तेवढा सत्काराचा फोटो वार्तापत्रात छापा." आमचे मत सरळ आहे. असा फोटो आम्ही छापणार नाही, आणि सभासदानेही तो काढू देऊ नये. लॉटरी घ्यावी की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ साली सुरू झाली, तेव्हापासून तो चालूच आहे.

२०२२ साली केरळच्या ओणम बंपरचे २५ कोटींचे पहिले बक्षीस एका रिक्षावाल्याला लागले. नाव-गाव सगळीकडे छापून आले. थोड्याच दिवसांत त्याने जाहीरपणे सांगितले की, मागणाऱ्यांच्या रांगेमुळे घरी राहता येईना, याहून लहान बक्षीस लागले असते तर बरे झाले असते. आणि गंमत अशी, की तोवर पैसा त्याच्या हातात आलासुद्धा नव्हता! म्हणून घरातली दोन माणसे सोडून कुणाला सांगू नये. भावकीला कळायचे तेव्हा कळेलच.

तिकिटाचे म्हणाल तर ते ऊसवजनाच्या पावतीसारखे नाही. पावतीवर तुमचे नाव असते, तिकिटावर कुणाचेच नसते. ज्याच्या हाती तिकीट, तो हक्क सांगायला मोकळा. म्हणून आधी मागील बाजूस नाव, पत्ता लिहून सही करावी, दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढाव्यात, आणि मूळ तिकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे. त्यावर प्लास्टिक चढवू नये. मग आकडा पडताळावा, तो विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावरून नव्हे, तर शासनाच्या अधिकृत निकालावरून. मालिकेची अक्षरे, क्रमांक आणि सोडतीची तारीख, तिन्ही जुळली पाहिजेत. बऱ्याच सोडतींत तोच क्रमांक पण मालिका वेगळी असेल, तर हाती फक्त उत्तेजनार्थ रक्कम येते. इथे भलेभले फसतात. मागणी अर्जाची मुदत तिकिटाच्या मागेच छापलेली असते. ती चुकली तर तिकीट म्हणजे रद्दी.

कुणी म्हणेल, "तुला बक्षीस लागलंय, आधी कराचे पैसे भर." तो चोर समजावा. सरकारी लॉटरीचा कर बक्षिसातूनच कापतात, आधी मागत नाहीत.

दुसरा एक पाहुणा जास्त गोड बोलतो. "कर कशाला भरतोस, सगळी रक्कम रोख देतो, तिकीट मला दे." त्याला आपला काळा पैसा पांढरा करून घ्यायचा असतो. तुमच्या घरात हिशेब न देता येणारी रोकड राहते, आणि ती बँकेत भरायला गेलात की प्रश्न तुम्हाला विचारतात, त्याला नाही.

आता कराचा हिशेब, कारण खरा घोळ इथे होतो. समजा, १ कोटीचे बक्षीस लागले आणि दुसरे करपात्र उत्पन्न काहीच नाही. लॉटरीच्या उत्पन्नावर ३० टक्के कर असतो, वजावट किंवा सूट काही मिळत नाही. खाते ३० लाख कापून ७० लाख देते. सभासद समजतो, कर संपला. तो संपलेला नसतो. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्याने करावर १० टक्के अधिभार, म्हणजे ३ लाख. मग ३३ लाखांवर ४ टक्के उपकर, म्हणजे १ लाख ३२ हजार. हे ४ लाख ३२ हजार स्वतः भरायचे असतात, तेही त्याच आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरच्या आत, नाहीतर वर व्याज. म्हणजे खरे हातात ६५ लाख ६८ हजार. ७० लाखांत बंगला आणि ट्रॅक्टर बसवणाऱ्याला पुढे नोटीस येते, तेव्हा ट्रॅक्टर विकायची पाळी येते.

म्हणून तिकीट सादर करण्याआधीच सनदी लेखापालाकडे जावे. कामाची फी घेणारा बघावा, गुंतवणुकीवर कमिशन घेणारा नव्हे. तिकीट चौघांनी मिळून काढले असेल, तर ते आधीच सांगावे. नाहीतर बक्षीस एकाच्या नावावर, कर एकावर, आणि भांडण चौघांत!

राहता राहिला पैसा ठेवण्याचा प्रश्न. आपण सहकारातली माणसे, ओळखीच्या पतसंस्थेकडे पाय वळणारच. तथापि ठेव विम्याचे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. ते दर बँकेत दर ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. हे लिहिल्याने आमच्यावर काही मंडळी रागावतील, रागावोत. पहिले सहा महिने रक्कम मोठ्या बँकांत विभागून मुदत ठेवीत ठेवावी, आणि जमिनीचा सौदा घेऊन येणाऱ्याला गळीत हंगाम संपल्यावर या, असे सांगावे.