आग कशानं लागली ते कळते, माणसं कशानं अडकली ते कोण सांगणार?

हिवरखेड : कारखान्याला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असते, 'शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज'. अंदाज खरा असला तरी माणसं आत का अडकली, हे त्यातून कळत नाही. तेल्हारा-अकोट हा कापसाचा पट्टा. हंगामात जिनिंगच्या आवारात मजूर मुक्कामाला असतात, म्हणून हा प्रश्न इथलाही आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीचं उदाहरण घ्या. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे दोनच्या सुमारास हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. सहा जण गेले. वाचलेल्या कामगारांनी सांगितलं, कारखाना बंद होता, पण दहा-पंधरा जण आतच झोपले होते.

या एका सांगण्यानं तपासाची दिशाच बदलते. कारखान्याचा मंजूर नकाशा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असतो. नकाशात जिथं गोदाम दाखवलं तिथं अंथरुणं पडत असतील, तर बाकी कागद बरोबर असूनही जीव जाऊ शकतो. तपासणीला साहेब येतात दिवसा. रात्री कोण झोपते, दार कोण लावते, हे त्यांच्या शेऱ्यात कुठून येणार?

दुसरा कागद अग्निशमनाचा. सुरुवातीला घेतलेल्या ना-हरकत दाखल्यावर भागत नाही. 2006 च्या महाराष्ट्र कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागते. मालकानं दाखला दाखवला की आधी तारीख पाहावी. आग फेब्रुवारीत लागली आणि नमुना 'ब' आदल्या वर्षीच्या जानेवारीचा निघाला, तर मधला जुलै आणि चालू जानेवारी असे दोन हुकले.

कधी कधी तर कागदच नसतो. वाळूजच्या आधी 23 दिवस, 8 डिसेंबरला, पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजी मेणबत्त्यांचा कारखाना पेटला. त्याच दिवशी सहा जणी गेल्या, नंतर आकडा वाढला. कारखाना विनापरवाना होता. अशा ठिकाणी परवाना शोधत बसण्यापेक्षा जागा कोणाची, वीजमीटर कोणत्या कामासाठी घेतलं, हे आधी विचारलेलं बरं.

कामगाराशी बोलायचं ते ठेकेदार जवळ नसताना, एकेकट्यानं. 'चूक कोणाची?' विचारलं तर गडी गप्प बसतो, त्याची रोजी त्यात अडकलेली. 'तू कोणत्या दारानं निघाला? दुसरं दार उघडं होतं का? त्या पाळीत किती जण होते?' असं विचारलं तर सांगते. दोघा-तिघांचं जुळलं की ती संख्या हजेरीपटाशी ताडून पाहावी. कारखान्याचा कायदा कामगारांच्या संख्येवर लागू होतो, त्यामुळे पटावर माणसं कमी दाखवण्यात मालकाचा फायदा असतो. नाव मात्र छापू नये.

तपासणीचा शेरा तोंडी मिळत नाही. माहिती अधिकारात शेवटचा अहवाल, त्यातल्या त्रुटी आणि मालकानं दिलेलं उत्तर, तिन्ही एकाच अर्जात मागावं. मुदत 30 दिवसांची. तोवर आगीची बातमी जुनी झालेली असते, आणि बहुतेक वेळा अर्ज तिथंच राहून जातो.