गाडीच्या विम्याची नोटीस: पैसे भरण्याआधी दोन आकडे पाहा

गाडीच्या विम्याची मुदत संपत आली की कंपनीचा कागद घरी येतो, नाहीतर मोबाईलवर पीडीएफ येते. बहुतेक घरांत त्यातला सर्वांत खालचा आकडा तेवढा पाहिला जातो. गेल्या वर्षी किती होते, यंदा किती झाले आणि कुठे स्वस्तात मिळेल का, एवढीच चर्चा होते. पण त्या रकमेच्या वर दोन ओळी असतात, आयडीव्ही आणि एनसीबी. गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडाली, तर घरात किती पैसे येणार हे पहिली ओळ ठरवते. पुढची काही वर्षे हप्ता किती भरायचा हे बऱ्याच अंशी दुसरीवर अवलंबून असते.

एक नोटीस समोर ठेवून पाहू. समजा, बाराशे सीसीची घरगुती गाडी आहे, नवी घेतली त्याला नुकतीच तीन वर्षे पूर्ण झाली आणि आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. नोटिशीत आयडीव्ही आहे ३,९०,००० रुपये. हा आकडा कुठून आला? त्याच मॉडेलची आजची कंपनीने जाहीर केलेली किंमत समजा ६,५०,००० आहे. त्यात आरटीओचा खर्च धरत नाहीत. तीन वर्षे उलटून गेलेल्या, पण चार न झालेल्या गाडीसाठी ४० टक्के घट धरली जाते. राहिले ३,९०,०००. पुढच्या वर्षी ही घट ५० टक्के होईल. गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली की ठरलेला तक्ता संपतो, मग कंपनी आणि मालक यांच्या संमतीने आकडा ठरतो. तेव्हा तर तो जास्तच बारकाईने पाहावा लागतो.

आता हप्ता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा हप्ता समजा ८,००० आहे. तीन वर्षे क्लेम नाही म्हणून एनसीबी ३५ टक्के, म्हणजे २,८०० रुपये सूट. उरले ५,२००. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवायचे. हा दर १ जून २०२२ पासून हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाड्यांना लागू झालेला आहे. बेरीज ८,६१६ आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १०,१६७ रुपये.

इथे अनेक जण चक्रावतात. ‘सूट वाढली म्हणता, मग रक्कम गेल्या वर्षीपेक्षा जास्त कशी?’ कारण असे की २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या कारचा थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो शोरूममध्येच भरलेला असतो, म्हणून मधल्या नोटिशींत दिसत नाही. तीन वर्षे संपली की तो पुन्हा हजर होतो. एनसीबीची सूट त्यावर मिळत नाही, ती फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते.

मग फोन सुरू होतात. ‘सर, आमच्याकडे हाच विमा बाराशे रुपये कमी.’ हाच विमा? आयडीव्ही किती धरला, एवढे विचारा. बरेचदा उत्तर निघते, ३,१०,०००. आयडीव्ही ऐंशी हजारांनी उतरवला की आपल्या उदाहरणात सूट आणि कर धरून सुमारे १,२६० रुपये वाचतात. पण गाडी चोरीला गेली आणि सापडलीच नाही, तर हातात तीन लाख दहा हजारच येणार, त्यातूनही सक्तीची हजार रुपये वजावट होणार. म्हणजे १,२६० रुपयांसाठी ८०,००० सोडले. गाडीवर कर्ज असेल तर ही रक्कम आधी बँकेच्या बाकीत वळती होते, उरलेली तुमची. मग गाडी गेली आणि कर्ज मात्र थोडे शिल्लक, अशी पाळी येऊ शकते.

कमी आयडीव्हीचा आणखी एक फटका सहसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर किंवा जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पाण्यात राहिलेल्या गाडीचे बिल कुठे जाते हे सांगायला नको. समजा, मंजूर दुरुस्ती अडीच लाखांची निघाली. आयडीव्ही ३,९०,००० असेल तर मर्यादा २,९२,५०० होते, गाडी दुरुस्त होऊन परत येते. आयडीव्ही ३,१०,००० असेल तर मर्यादा २,३२,५०० वरच संपते. चांगली चालणारी गाडी जाते आणि मिळालेल्या पैशांत तशी दुसरी मिळत नाही. म्हणून दोन कंपन्यांचे दर ताडून पाहायचे तर दोन्हीकडे आयडीव्ही एकच ठेवायला सांगा. त्याशिवाय ती तुलनाच नव्हे.

एनसीबीचा हिशेब वेगळा आहे. पहिले वर्ष क्लेमविना गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. त्यापुढे वाढत नाही. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट थेट शून्यावर येते, रक्कम दोन हजार असो वा दोन लाख.

समजा, आपल्याच गाडीचा बंपर फुटला. नवा बंपर ४,००० चा, बसवणे-रंगवणे २,०००. प्लास्टिकच्या भागावर साध्या पॉलिसीत निम्मी घट कापतात, म्हणजे २,००० गेले. रंगाच्या सामानाचे अडीचशेच्या आसपास जातात आणि सक्तीची वजावट १,०००. हाती आले २,७५०. पुढच्या वर्षी ओन डॅमेजचा हप्ता समजा ७,५०० असेल, तर मिळणारी ४५ टक्के सूट म्हणजे ३,३७५ रुपये गेले, करासह ३,९८० च्या आसपास. त्याच्या पुढच्या वर्षीही ५० ऐवजी २० टक्केच. माझे मत विचाराल तर असा बंपर खिशातून बदलावा. मोठ्या अपघातात मात्र एनसीबीच्या मोहाने क्लेम टाळणे हा वेडेपणा आहे, विमा त्याचसाठी घेतलेला असतो.

एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकत घेतली तर विकणाऱ्याची सूट तुम्हाला मिळत नाही. त्याच्याच नावाने नूतनीकरण करत राहिलात तर क्लेमच्या वेळी गाडी अडते. उलट, आखाती देशात नोकरी लागली म्हणून कोणी इथली गाडी विकत असेल, तर त्याने विमा कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते, परतल्यावर नव्या गाडीला तीच सूट लावता येते. वडिलांच्या पश्चात गाडी मुलाकडे किंवा आईकडे आली, तर त्यांची एनसीबीही वारसाकडे येऊ शकते. मात्र विमा आधी नावावर करून घ्यावा लागतो.

ऑनलाइन नूतनीकरण करताना ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का’ असा प्रश्न येतो. घाईत ‘नाही’वर बोट पडते. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करू शकते आणि सूट खोटी घेतल्याचे निघाले तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. एजंटाने फॉर्म भरला असला तरी तो तुमच्या नावाने भरलेला असतो, म्हणून हा एक रकाना त्याच्याकडून मोबाईलवर मागवून पाहा.

तारीख चुकली तर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केल्यास एनसीबी टिकते, त्यानंतर शून्य. पण या ९० दिवसांत गाडीला विम्याचे संरक्षण नसते. त्या काळात रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर भरपाई घरातून द्यावी लागेल, आणि पोलिसांनी अडवल्यास पहिल्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड.